उतारा हलत नाही: एका एन्कोडरवर टनेज आणि साखर शिकवताना पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की मला एक फोन हमखास येतो. या खेपेचा सदलग्याच्या एका पोराचा होता. "दादा, टनेज झकास येतंय, पण उतारा काय हलंना बघा. वजन दहा केलं, पन्नास केलं, शंभर केलं. जागचा ढिम्म."

हा बिघाड मी चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यातल्या ऊस-डेटावर इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता तपासण्यांचा क्रम ठरून गेलाय. तो इथं लिहून ठेवतो. मॉडेल सगळ्यांचं थोड्याफार फरकानं सारखंच असतं. एकेका प्लॉटसाठी सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रांतून काढलेली हिरवेपणाची मालिका, पाऊस, उसाची जात, लागण की खोडवा आणि लागणीची तारीख हे सगळं एका सामायिक एन्कोडरमध्ये जातं. त्यातून आकड्यांची एक ओळ निघते आणि तिच्यावर दोन छोटी हेडं बसवलेली असतात. एक हेड एकरी टन सांगतं, दुसरं साखर सांगतं. दोघांचे लॉस वजनं लावून बेरजेत घ्यायचे आणि ती बेरीज कमी करत न्यायची.

"उतारा" या शब्दाचं आधी बघू. आपल्याकडं जमिनीचा तोही उतारा आणि साखरेचा तोही उतारा. एकदा एका फाइलीत `utara` नावाच्या रकान्यात सर्व्हे नंबर सापडले होते आणि मॉडेल ते शिकायचा इमानेइतबारे प्रयत्न करत होतं. शिवाय कारखान्याचा साखर उतारा हा सगळ्या गाळपाचा असतो, एका प्लॉटचा नसतो. प्लॉटवर हाती येतो तो सीसीएस, म्हणजे नमुन्याचा रस काढून ब्रिक्स आणि पोल मोजून काढलेला आकडा:

```
CCS% = 1.022 * pol - 0.292 * brix
```

ब्रिक्स 20 आणि पोल 18 असेल तर सीसीएस साधारण 12.56 येतो. यापुढं मी "उतारा" म्हणेन तेव्हा हाच आकडा समजा.

लक्षणं

सगळ्यात ठळक लक्षण हे, की टनेजचा लॉस एपॉकगणिक खाली येतो आणि उताऱ्याचा पहिल्या दोन-तीन एपॉकनंतर आडवा होतो. अंदाज छापून बघितले तर सगळ्या प्लॉटला 11.4, 11.5, 11.5, 11.4 असे जवळजवळ एकच आकडे. आडसाली असो की खोडवा, नोव्हेंबरचा नमुना असो की फेब्रुवारीचा, आकडा तोच.

याचीच तीन भावंडं आहेत. पहिल्यात उताऱ्याचे अंदाज 3 च्या आसपास येतात, जिथं उसात तसला आकडा कुठंच नाही. दुसऱ्यात मध्येच लॉस `NaN` होतो. तिसऱ्यात दोन्ही कामं चालतात, पण दोन्ही आपापल्या एकट्या मॉडेलपेक्षा वाईट. पहिली दोन भावंडं स्वस्तात सुटतात, तिसऱ्याला वेळ लागतो.

या सगळ्यांवर लोक जो उपाय आधी करतात तो म्हणजे वजनाचा खुंटा पिळणं. माझ्या क्रमात तो पाचवा आहे. का, ते ओघात येईलच.

1. बेरीज बघू नका, दोन लॉस वेगळे छापा (पाच मिनिटं)

बहुतेकांच्या स्क्रीनवर एकच आकडा सरकत असतो, एकूण लॉस. तो खाली जातो म्हणून माणूस खूश. पण त्या बेरजेत टनेजचा वाटा 140 आणि उताऱ्याचा 0.6 असेल, तर उतारा पार बिघडला तरी बेरजेला पत्ता लागत नाही. म्हणून दोन्ही वेगळे छापा आणि शेजारी तिसरा आकडा ठेवा: प्रशिक्षण संचाची सरासरीच सगळ्यांना अंदाज म्हणून दिली तर चूक किती येते. ही सरासरीची रेघ. उताऱ्याची चूक या रेघेवर टेकून बसली असेल तर हेड काहीही शिकलेलं नाही, ते फक्त सरासरी सांगतंय.

याच पाच मिनिटांत आकारही बघून घ्या. हेडमधून अंदाज निघतो 32 ओळी, 1 रकाना असा, आणि लेबल असतं नुसतं 32 चं. हातानं लिहिलेला `((p - y)**2).mean()` या दोघांना वजा करताना मुकाट्यानं 32 गुणिले 32 चा चौकोन करतो. मग प्रत्येक प्लॉटचा अंदाज प्रत्येक दुसऱ्या प्लॉटच्या उताऱ्याशी ताडला जातो. अशा वेळी सगळ्यांना सरासरी सांगणं हेच मॉडेलच्या दृष्टीनं उत्तम उत्तर. लक्षण हुबेहूब वजनाच्या बिघाडासारखं दिसतं आणि वजन हजार केलं तरी फरक पडत नाही. `F.mse_loss` वापरलं तर निदान पिवळी सूचना तरी येते, ती वाचत जा. हेडच्या शेवटी `squeeze(-1)` लावलं की झालं.

2. दोन्ही लक्ष्यांची मोजपट्टी एक करा (दहा मिनिटं)

इथला हिशेब एकदा कागदावर केला की पुन्हा विसरत नाही. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतो. समजा 1200 प्लॉट आहेत. टनेजचं प्रमाण विचलन एकरी 12 टन, उताऱ्याचं 0.8. वर्ग चुकीचा लॉस घेतला तर हेडं नुसती सरासरी सांगू लागली की टनेजचा लॉस साधारण 12 चा वर्ग, म्हणजे 144, आणि उताऱ्याचा 0.64. भागाकार 225. कोडमध्ये दोघांना 0.5 आणि 0.5 लिहून आपण समसमान वाटणी केली असं समजतो, पण एन्कोडरच्या कानावर टनेजचा आवाज शेकडो पटीनं मोठा पडत असतो.

उपाय साधा आहे. दोन्ही लक्ष्यांतून आपापली सरासरी वजा करा, आपापल्या प्रमाण विचलनानं भागा. हे आकडे फक्त प्रशिक्षण संचातून काढा. सगळ्या डेटावरून काढले तर तपासणी संचाची माहिती आत झिरपते. अंदाज बाहेर काढताना उलटा हिशेब करून टनात आणि टक्क्यात आणा.

याचा एक आडफायदा मला मुख्य फायद्याइतकाच आवडतो. मोजपट्टी एक केल्यावर सरासरीच्या रेघेचा लॉस बरोबर 1 च्या जवळ येतो, दोन्ही कामांसाठी. मग स्क्रीनवर नजर टाकली तरी कळतं: 0.98 म्हणजे काही शिकलं नाही, 0.6 म्हणजे बरंच शिकलं.

इथंच लेबलांची एककंही तपासा, आणि सीमाभागात हे जास्तच लागतं. आपल्याकडच्या पहाणीत क्षेत्र एकर-गुंठ्यात असतं, नदीपलीकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. एकाच शेतकऱ्याचा अर्धा मळा इकडं, अर्धा तिकडं, आणि दोन्ही नोंदी एकाच फाइलीत. त्यातही 1 एकर 20 गुंठे कुणीतरी 1.20 असं टाइप करतो. गुंठे एकराला 40 असतात, म्हणजे ते क्षेत्र दीड एकर. काट्यावर 60 टन ऊस आला असेल तर खरं टनेज एकरी 40, फाइलीत लागतं 50. मॉडेल या खोट्या दहा टनांचा पाठलाग करत राहतं आणि त्यात एन्कोडरची ताकद खर्ची पडते. क्षेत्राच्या रकान्यात दशांशानंतरचा भाग कधीच .40 च्या वर जात नसेल तर समजा की ते गुंठे आहेत.

3. नसलेली लेबलं (अर्धा तास, आणि बहुतेक गडी इथंच सापडतात)

टनेज प्रत्येक प्लॉटचं मिळतं, कारण ऊस काट्यावरून गेल्याशिवाय कारखान्यात जातच नाही. उताऱ्याचा नमुना मात्र थोड्याच प्लॉटचा घेतलेला असतो. वरच्या उदाहरणात समजा 1200 पैकी 300, म्हणजे चौथा हिस्सा. उरलेल्या 900 जागी काय भरलंय हे बघा.

शून्य भरलं असेल तर मॉडेलला वाटतं की तीन चतुर्थांश उसात साखरच नाही. 11.5 चा चौथा हिस्सा 2.9. अंदाज 3 च्या आसपास येण्याचं कोडं इथं सुटतं.

मास्क लावलाय पण भागाकार चुकला, ही पुढची पायरी आणि ती पकडायला अवघड. 32 च्या बॅचमध्ये सरासरी 8 प्लॉटना उतारा असतो. 8 चुका बेरजेत घेतल्या आणि 32 नं भागल्या, तर उताऱ्याचा लॉस आपोआप चौथाई होतो. मघाचे 225 आणि हे 4, गुणाकार 900. कोडमध्ये वजनं समान आणि प्रत्यक्षात 900 ला 1. त्या पोरानं वजन शंभर केलं तरी उतारा का हलला नाही, ते यात आहे. शंभरानंही तफावत नऊ पट उरत होती.

तिसरी चूक `NaN` ची. लोक लॉस काढून मग मास्कनं गुणतात. पण `NaN` ला शून्यानं गुणलं तरी `NaN` च राहतो. आधी ओळी निवडा, मग लॉस काढा:

```python
m = ~torch.isnan(y_ccs)
if m.any():
    loss_c = F.mse_loss(p_ccs[m], y_ccs[m])
else:
    loss_c = p_ccs.sum() * 0.0
```

तो `else` दिखाव्यासाठी नाही. बॅच 8 ची असेल तर एकाही प्लॉटला उतारा नसण्याची शक्यता 0.75 चा आठवा घात, म्हणजे साधारण दहात एक. रिकाम्या संचाची सरासरी काढली की `NaN`, आणि एकदा तो वजनांत शिरला की सगळं प्रशिक्षण वाया. बॅच 32 ची असेल तर ही शक्यता दहा हजारात एकावर येते, म्हणून काही जणांचा बिघाड रात्री दोनला होतो आणि सकाळी सापडत नाही. फाइल गावानुसार लावलेली असेल आणि शफल बंद असेल तर मात्र मोठ्या बॅचही अख्ख्या रिकाम्या निघतात, कारण नमुने घेणारा माणूस एका गावात जातो, दुसऱ्यात जात नाही.

4. एकेकट्याचं मॉडेल त्याच मापानं चालवा (एक-दोन तास)

हे टाळून पुढं जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फोन ठेवतो. तोच एन्कोडर, तेच प्लॉट, तीच विभागणी घेऊन फक्त उताऱ्याचं मॉडेल चालवा. मग फक्त टनेजचं. प्रत्येक तीन-चार वेगवेगळ्या सीडवर, कारण 300 लेबलांवर एका धावेचा आकडा नशिबानंही चांगला येतो. जोड मॉडेलची तुलना यांच्याशीच होऊ शकते.

विभागणी गावानुसार करा, ओळीनुसार नको. एका बांधाला लागून असलेल्या दोन प्लॉटची जमीन, पाऊस, पाणी, कधीकधी मालकही एकच. एक प्रशिक्षणात आणि शेजारचा तपासणीत गेला तर मॉडेल शेजाऱ्याचं उत्तर आठवून सांगतं. दूधगंगेकाठची काळी जमीन आणि खानापूरकडची तांबडी जमीन यांच्यात किती फरक पडतो हे तुम्हाला मग कधी कळतच नाही.

आता निकाल वाचा. एकट्या उताऱ्याचं मॉडेलही सरासरीच्या रेघेवरच बसलं, तर दोष वजनांत नाही, सामायिक एन्कोडरमध्येही नाही. इनपुटमध्ये उताऱ्याची माहितीच नाही. आमच्या भागात याचं पहिलं संशयित म्हणजे नमुन्याची तारीख. ऊस पक्व होत जातो तसा सीसीएस चढतो. त्याच प्लॉटचा नोव्हेंबरचा आणि जानेवारीचा आकडा वेगळा येतो आणि ती तारीख मॉडेलला दिलेलीच नसते, कारण टनेजला तिची गरज नव्हती. मॉडेल टनेजसाठी बांधलं आणि उतारा मागाहून चिकटवला की असं होतं. लागणीपासून नमुन्यापर्यंतचे दिवस एक रकाना म्हणून काढा आणि तो थेट उताऱ्याच्या हेडला द्या, एन्कोडरला नको. टनेज नमुन्याच्या दिवसावर अवलंबून नाही, मग त्याच्या वाटेत हा आकडा कशाला घालायचा?

एकटं मॉडेल 0.65 पर्यंत येतं आणि जोड मॉडेल 0.8 वर अडतं, असं दिसलं तर मात्र बिघाड खरोखरच वाटणीचा आहे. आता वजनाला हात लावा.

5. वजनं, पण हिशेबानं

टनेजचं वजन 1 वर बांधून ठेवा आणि उताऱ्याचं 0.3, 1, 3, 10 असं चढवा. बेरीज-वजाबाकीनं नाही, गुणाकारानं. पाच-सहा धावांत चित्र स्पष्ट होतं. निवड करताना एकूण लॉस बघू नका. वजन बदललं की बेरजेचा अर्थच बदलतो, दोन वेगळ्या वजनांच्या बेरजांची तुलना म्हणजे एकराची हेक्टरशी तुलना. टनातली चूक आणि टक्क्यातली चूक वेगवेगळ्या बघा.

ॲडम ऑप्टिमायझर वापरणाऱ्यांना एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. ॲडम प्रत्येक पॅरामीटरच्या ग्रेडियंटला त्याच्याच अलीकडच्या आकारानं भागतो. त्यामुळं दोन्ही वजनं दहापट केली तर जवळजवळ काहीच बदलत नाही. आणि उताऱ्याच्या हेडला फक्त उताऱ्याचाच ग्रेडियंट मिळत असल्यानं त्याच्या वेगावरही वजनाचा फारसा परिणाम नाही. वजनाचं खरं काम फक्त सामायिक एन्कोडरमध्ये होतं, जिथं दोन ग्रेडियंटची बेरीज होते. म्हणून हेड आपल्या परीनं शिकत राहतं, पण त्याला मिळणारी ओळ टनेजसाठीच कोरलेली असते. हातात हात घालून चालल्यासारखं दिसतं, वाट मात्र एकाच्याच शेताला जाते.

आणि थांबायचं कधी? 300 लेबलांचं हेड लवकर पाठांतर करू लागतं, 1200 चं उशिरा. एकाच चेकपॉइंटवर दोघंही आपापल्या उत्तम जागी असतील असं धरू नका. मी दोन्हींसाठी वेगळे चेकपॉइंट जतन करतो आणि गरज पडली तर वापरायलाही वेगळेच ठेवतो. कुणी म्हणेल, मग एक मॉडेल कुठं राहिलं? नाही राहिलं तर नाही राहिलं. उताऱ्याला टनेजच्या 1200 लेबलांचा आधार मिळाला, काम झालं.

6. आपोआप वजनं ठरवणारी युक्ती

केंडल, गाल आणि चिपोला यांनी 2018 साली सुचवलेली पद्धत लोकांना फार आवडते, कारण वजनं मॉडेलच शिकतं. प्रत्येक कामासाठी एक आकडा `s` ठेवायचा आणि लॉस असा लिहायचा:

```python
loss = 0.5*torch.exp(-s_t)*loss_t + 0.5*s_t \
     + 0.5*torch.exp(-s_c)*loss_c + 0.5*s_c
```

एकूण लॉस ऋण झाला तर घाबरू नका, `s` ऋण होऊ शकतो म्हणून तसं होतं. `s` ऑप्टिमायझरला द्यायला विसरलात तर मात्र ते जन्मभर शून्यच राहतात. ते छापून बघा.

पण ही युक्ती मागं पडलेल्याला हात देत नाही, उलट करते. वरचं सूत्र `s` च्या बाबतीत किमान केलं तर `exp(s)` हा त्या कामाच्या लॉसइतका येतो, म्हणजे वजन लॉसच्या व्यस्त प्रमाणात. टनेजचा लॉस 0.3 वर आला आणि उतारा 0.9 वर अडकला, तर टनेजचं वजन 3.3 आणि उताऱ्याचं 1.1. जो शिकतोय त्याला तिप्पट खुराक. उताऱ्याची लेबलं खरोखरच गोंगाटी असतील तर हे योग्यच आहे, पद्धत त्यासाठीच बनवली आहे. पण तो तारखेचा रकाना नसल्यामुळं अडकला असेल, तर पद्धत तुमच्या चुकीला गोंगाट समजून त्या कामाला मागच्या बाकावर बसवते. म्हणून चौथी तपासणी आधी.

ग्रेडियंटचे आकार जुळवणाऱ्या, एकमेकांविरुद्धचा भाग कापून टाकणाऱ्या आणखीही पद्धती आहेत. 2022 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांच्या अभ्यासांनी दाखवलं की स्थिर वजनं नीट शोधली तर त्या पद्धती फारसं पुढं जात नाहीत. माझा अनुभवही तोच, म्हणून मी सहसा पाचव्यावरच थांबतो.

7. ग्रेडियंट खरंच भांडतायत का

इथं येईपर्यंत बहुतेक प्रकरणं मिटलेली असतात. जोड मॉडेल अजूनही एकट्यापेक्षा वाईट असेल तर एन्कोडरवर दोन्ही लॉसचे ग्रेडियंट वेगळे काढा:

```python
sh = list(encoder.parameters())
g = [torch.cat([x.flatten() for x in
     torch.autograd.grad(L, sh, retain_graph=True)])
     for L in (w_t*loss_t, w_c*loss_c)]
print(g[0].norm(), g[1].norm(),
      torch.cosine_similarity(g[0], g[1], dim=0))
```

पहिले दोन आकडे आवाजाची पातळी सांगतात. एक दुसऱ्याच्या वीसपट असेल तर परत पाचव्यावर जा. तिसरा दिशा सांगतो. एका बॅचचा आकडा काही सांगत नाही, पन्नासेक बॅचची सरासरी घ्या. शून्याच्या आसपास आली तर दोन कामं आपापल्या वाटेनं चाललीत, त्यात काही बिघडलेलं नाही. सातत्यानं ऋण राहिली तर एन्कोडरमध्ये ओढाताण आहे.

यावर एक गैरसमज फार ऐकतो. पाणी आणि युरिया जास्त झाला की ऊस वजनाला भरतो पण पक्वता लांबते, म्हणून काही प्लॉटवर टनेज वर आणि उतारा खाली असं दिसतं. लगेच निष्कर्ष: लक्ष्यं उलटी आहेत, म्हणून ग्रेडियंट भांडणार. तसं नाही. एन्कोडरनं "हा प्लॉट अजून हिरवागार आहे" एवढं ओळखलं की टनेजचं हेड त्याला अधिक चिन्ह लावेल, उताऱ्याचं हेड उणे. एकच खूण दोघांच्या कामाची. उलट्या नात्याची लक्ष्यंही एकत्र छान शिकतात. भांडण होतं ते वेगळ्या खुणांची गरज असताना जागा अपुरी पडली तर. टनेजला पावसाळ्यातली वाढ हवी असते, उताऱ्याला शेवटच्या दोन महिन्यांतलं पिवळं पडणं. एन्कोडरमधून 8 आकड्यांची ओळ निघत असेल तर तिथं गर्दी होणारच.

म्हणून आधी ती ओळ रुंद करा, 8 ची 32 किंवा 64. मग हेडांना एकेक थर वाढवा, म्हणजे वेगळेपणा हेडात राहील. तरीही ओढाताण थांबली नाही तर दोन वेगळी मॉडेलं ठेवा आणि झोपा.

कुठं थांबायचं, कुणाला गाठायचं

एका प्लॉटचे एकाच दिवशी घेतलेले दोन नमुने मिळवा. असे दहा-वीस जोड मिळाले आणि त्यांच्यातला फरकच तुमच्या मॉडेलच्या चुकीएवढा निघाला, तर पुढं कोडमध्ये काही मिळणार नाही. ऊस बुडख्याला गोड आणि शेंड्याला अळणी असतो, त्यामुळं नमुना कुठून आणि कसा घेतला यावर आकडा बदलतो. तिथून पुढं प्रयोगशाळेच्या केमिस्टचं काम आहे. बेळगावात एस. निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे, साखर तंत्रातलं शिकलेलं माणूस शोधायला लांब जायला नको.

तपासणी संचात उताऱ्याची तीस-चाळीसच लेबलं उरत असतील आणि तुम्ही 0.62 चांगलं की 0.65 असं तोलत बसला असाल, तर संख्याशास्त्र जाणणाऱ्याला विचारा. तो बहुधा सांगेल की या दोन आकड्यांत फरकच नाही.

आणि कुणी म्हणालं की या अंदाजावर शेतकऱ्याचा दर ठरवू, तर लगेच लॅपटॉप मिटा. तोडणीचा क्रम लावायला मदत म्हणून हे चालतं. पैशाचा निर्णय यावर घ्यायचा असेल तर शेतकी अधिकारी, केमिस्ट आणि लेखापाल एका टेबलाशी बसल्याशिवाय पुढं जायचं नाही.

सदलग्याच्या पोराचं काय झालं? त्याच्याकडं भागाकार 32 नं होत होता आणि मोजपट्टी एक केलेली नव्हती. दोन्ही नीट केल्यावर वजनं 1 आणि 1 ठेवूनच उतारा हलला. नमुन्याचे दिवस हेडला दिल्यावर आणखी खाली आला. परवा रात्री त्याचा निरोप आला.

"दादा, 0.62. पण एकसंब्याचे सहा प्लॉट अजून उलटेच येतात."

"नमुन्याच्या तारखेत दिवस-महिना उलटलाय का बघ."

दहा मिनिटांनी: "11/12 लिहिलंय. मामा म्हणतात, नमुना दिवाळी झाल्या झाल्या घेतला होता."